हातात किती पडतात आणि पावसाळ्यात काय?

सामाजिक संस्थेत फिल्डवरच्या कामासाठी मुलाखत असेल तर दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, 'इथंच का यायचंय?' आणि दुसरा, 'एवढ्या पगारात, अशा जागी निभेल का?' बहुतेक उमेदवार पहिल्या प्रश्नाची तयारी भाषणासारखी करून येतात आणि दुसऱ्याला एका वाक्यात उडवून लावतात: 'पैशाचं काही नाही सर, मला काम महत्त्वाचं.' समोर बसलेल्या अनुभवी माणसांचे कान टवकारतात ते इथेच. पैशाचं काही नाही असं म्हणणाऱ्याने बहुधा हिशेबच केलेला नसतो, आणि हिशेब न करता आलेला माणूस पहिल्या पावसाळ्यात परत जाण्याची शक्यता जास्त, हे त्यांनी अनेकदा पाहिलेलं असतं.

नेमकं काय विचारलं जातं आणि का, हे समजून घ्यायला एक उदाहरण घेऊ. समजा, मेळघाटात धारणी तालुक्यात बालपोषणाचा प्रकल्प चालवणाऱ्या एका संस्थेला क्षेत्र समन्वयक हवा आहे. काम असं: ठरवून दिलेल्या गावांत फिरायचं, अंगणवाडीसेविका आणि आशाताईंसोबत लहान मुलांची वजनं घ्यायची, दंडाला पट्टी लावून घेर मोजायचा, तीव्र कुपोषित मूल सापडलं तर त्याला उपचारापर्यंत पोहोचवायचं. उमेदवार पंचवीस वर्षांचा, वर्ध्याकडचा, समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेला. समोर तिघं: प्रकल्पाचे प्रमुख, हिशेब बघणारे एक जण आणि बरीच वर्षं त्याच गावांत काम केलेल्या एक ताई.

'इथंच का?' यावर तो म्हणाला, 'मला समाजासाठी काहीतरी करायचंय.' हे उत्तर खोटं नसतं, पण त्यातून काहीच कळत नाही. म्हणून ताई लगेच खाली उतरतात: 'कोणासाठी? आणि आजवर काय केलंत, एखादी गोष्ट सांगा.' इथे उमेदवार सावरला. शिकत असताना त्याचं क्षेत्रकार्य एका प्राथमिक आरोग्य केंद्रात होतं. लसीकरणाच्या दिवशी वीटभट्टीवरच्या कुटुंबांतली चार मुलं दर वेळी गैरहजर असायची. रजिस्टरमध्ये शेरा होता, 'पालकांचा नकार.' एका संध्याकाळी तो भट्टीवर गेला, तेव्हा कळलं की नकार नव्हताच. सकाळी मूल घेऊन केंद्रात यायचं तर दिवसाची मजुरी बुडत होती. आरोग्यसेविकेशी बोलून पुढच्या वेळी भट्टीवरच संध्याकाळी लस दिली. चारपैकी तीन मुलं मिळाली. चौथं कुटुंब तोवर दुसरीकडे निघून गेलं होतं.

ताईंनी विचारलं, 'त्या चौथ्याचं पुढं काय केलं?' तो म्हणाला, 'काहीच करता आलं नाही. ते कुठल्या गावाला गेले हे विचारून ठेवायला हवं होतं, ते मला नंतर सुचलं.'

प्रेरणा तपासायची ती अशी. ती माणूस काय बोलतो यापेक्षा तो आधी कुठे थांबला, कोणाच्या घरी गेला, काय अर्धवट राहिलं हे त्याला आठवतं का, यात दिसते. बनवलेल्या गोष्टीत चारही मुलं येतात. शिवाय मेळघाटात हाच प्रश्न रोज समोर येणार असतो. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला की मूल तीव्र कुपोषित धरतात. तब्येतीची गुंतागुंत असेल तर त्याला पोषण पुनर्वसन केंद्रात ठेवावं लागतं, साधारण चौदा दिवस, आणि आईलाही सोबत राहावं लागतं. घरी आणखी दोन लेकरं असतील, रोजगार बुडत असेल, तर आई नाही म्हणते. अशा वेळी 'मी तिला समजावून सांगेन' हे उत्तर अपुरं ठरतं. तिला सगळं समजलेलं असतं. घरची लेकरं चौदा दिवस कोण बघेल, बुडीत मजुरीची भरपाई कधी आणि कोणाकडून मिळेल, याची सोय बघणं हे समन्वयकाचं काम.

मग पगार. प्रकल्पप्रमुखांनी सांगितलं, महिना 24,000 रुपये. हा आकडा संस्थेच्या खर्चाचा आहे, हातात पडणारा नव्हे. समजा मूळ वेतन 15,000 धरलं, तर भविष्यनिर्वाह निधीत संस्थेचा वाटा 1,800 रुपये, तो यातूनच जातो. कर्मचाऱ्याचा वाटा तेवढाच. व्यवसायकर 200. हातात उरले 20,200.

हिशेब बघणाऱ्यांनी कागद पुढे सरकवला आणि म्हणाले, 'मांडा बघू महिना कसा जाईल.' त्याने मांडला. धारणीत खोलीभाडं अडीच हजार, जेवणखाण साडेतीन हजार, शिक्षणकर्जाचा हप्ता साडेपाच हजार, घरी आईवडिलांना सहा हजार. झाले 17,500. शिल्लक 2,700, त्यात मोबाइल, औषधपाणी, कधी घरी जायचा एसटीचा खर्च. काटकसरीने जमेल, असं तो म्हणाला.

'आणि पेट्रोल?'

'ते संस्था देणार ना?'

देणार, पण बिल लावल्यावर. फिल्डवरच्या नोकरीत लोकांना अडचणीत आणणारी जागा बहुतेकदा हीच असते, आणि मुलाखतीत तिची चर्चा क्वचितच होते. महिन्याला हजार किलोमीटर गाडी फिरली आणि लिटरला पन्नास किलोमीटर मिळाले, तर वीस लिटर पेट्रोल लागतं. म्हणजे साधारण दोन हजार शंभर रुपये आधी स्वतःच्या खिशातून. लॉगबुक लिहून महिनाअखेर बिल जमा करायचं, ते मंजूर होऊन पैसे खात्यात यायचे पुढच्या महिन्यात. शिल्लक 2,700 मधून हे वजा केलं की सहाशे रुपये उरतात. त्यात एक टायर फुटला किंवा एका महिन्याचं बिल सही अभावी अडकलं, तर हातउसने घेण्याची वेळ येते. पगार कमी आहे हे माणसाला आधीपासून माहीत असतं, त्यामुळे तो त्याची मनाची तयारी करून येतो. कोणीच न सांगितलेली ही ओढाताण त्याला जास्त लागते.

उमेदवाराने विचारलं, 'प्रवासासाठी उचल मिळते का?' हा प्रश्न विचारल्याने त्याची निष्ठा कमी दिसेल असं अनेकांना वाटतं. जाणत्या मंडळींना उलट वाटतं. या माणसाने दुसऱ्या आणि तिसऱ्या महिन्यापर्यंत विचार केलाय, असं ते टिपून घेतात.

पगार मुळात कमी का, यालाही कारण आहे. बऱ्याच संस्थांचा पैसा प्रकल्पामागे येतो. दोन-तीन वर्षांच्या मंजूर अंदाजपत्रकात पदं आणि पगार आधीच लिहिलेले असतात. मधेच वाढवायचं तर देणगीदाराची संमती लागते. म्हणून उमेदवाराने आणखी एक गोष्ट विचारावी: प्रकल्प कोणत्या महिन्यात संपतो, आणि पुढचा निधी मंजूर आहे का. नियुक्तिपत्रावर करार अकरा महिन्यांचा की तीन वर्षांचा, हे आकड्याइतकंच महत्त्वाचं.

राहता राहिली परिस्थिती. 'कष्टाची तयारी आहे का?' हा निरुपयोगी प्रश्न आहे, कारण त्याला 'नाही' असं उत्तर कोणीच देत नाही. चांगली मंडळी कष्टांची नावं घेऊन विचारतात. पावसाळ्यात नाल्याला पाणी आलं आणि मुक्काम गावातच करावा लागला तर? फोनला रेंज नसेल तर घरी काय सांगून ठेवलंय? कोरकू येत नाही, तर पहिले सहा महिने कोणाच्या मदतीने बोलणार? दिवाळीनंतर अनेक कोरकू कुटुंबं मजुरीसाठी बाहेर पडतात आणि होळीला गावी परततात. होळी हा त्यांचा मोठा सण. म्हणजे कोणती मुलं बाहेर जाणार याच्या याद्या ऐन दिवाळीच्या सुमारास करायच्या, आणि सगळं गाव एकत्र भेटायचं ते होळीला. दोन्ही सण घरी साजरे करायची सवय असलेल्या माणसाने हे आधीच ऐकलेलं बरं.

मुलींच्या मुलाखतीत इथे बरेचदा गाडी घसरते. लग्न कधी, घरचे पाठवतील का, असले प्रश्न विचारले जातात; ते मुलांना कोणी विचारत नाही. विचारायचंच तर संस्थेने स्वतःला विचारावं: मुक्कामाच्या गावात संडासाची सोय आहे का, उशीर झाला तर परत आणायला कोण जाईल, तक्रार समिती आहे का. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर अशी समिती 2013 च्या कायद्याने बंधनकारक आहे, आणि उमेदवाराने तिच्या सदस्यांची नावं मागण्यात गैर काहीच नाही.

तासाभराच्या बोलण्यातून सगळं कळतं असं अनुभवी संस्था मानत नाहीत. दीप जोशी आणि विजय महाजन यांनी 1983 मध्ये उभ्या केलेल्या 'प्रदान' या संस्थेने सुशिक्षित तरुणांना गावांत कामाला न्यायचं ठरवलं, तेव्हा थेट नेमणुकीऐवजी उमेदवारीचा दीर्घ काळ ठेवला. नव्या मुलामुलींनी गावात राहायचं, काम बघायचं आणि मगच थांबायचं की जायचं ते ठरवायचं. जोशी स्वतः अमेरिकेतल्या एमआयटीत शिकलेले. या कामाला चांगल्या मनाइतकीच चांगली बुद्धी लागते, हा त्यांचा आग्रह होता. 2009 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. लहान संस्थांना वर्षभराची उमेदवारी परवडत नाही. त्या निदान दोन-तीन दिवस उमेदवाराला गावात पाठवतात. तिथे तो मिळेल ते जेवतो का, यापेक्षा अंगणवाडीसेविका बोलत असताना तो तिचं ऐकतो की तिला शिकवायला लागतो, याकडे लक्ष असतं. त्यालाही तिथे जुन्या सहकाऱ्यांना एकांतात विचारता येतं की या जागेवरचा आधीचा माणूस का गेला.

त्याच दिवशी दुसरी उमेदवार होती, हरिसालजवळच्या गावातली, बारावी झालेली, कोरकू बोलणारी. 'का यायचंय?' यावर ती म्हणाली, 'नोकरी पाहिजे. घराजवळ आहे.' अशा सरळ उत्तराला पॅनेल अनेकदा कमी गुण देतं, आणि तिथे ते चुकतं. वर्ध्याच्या तरुणाला ज्या गोष्टी सोसायच्या आहेत, त्यातल्या निम्म्या हिच्या रोजच्या जगण्यातल्या आहेत. पगारावर समाधानी असणं ही कसोटी ठेवली, तर घरून आधार असलेलेच निवडले जातात आणि जिला त्या पगाराची खरी गरज आहे ती मागे पडते. ताईंनी तिला दंडाची पट्टी दिली आणि आईने केंद्रात यायला नकार दिला तर काय, हेच विचारलं. ती म्हणाली, 'आधी सासूला भेटेन. घरची पोरं तीच सांभाळणार, तर हो म्हणणारीही तीच.'

प्रकल्पप्रमुखांनी दोघांनाही गावातल्या मुक्कामाची तारीख दिली. तिच्या कागदावर पगाराचा तोच आकडा लिहिला, आणि खाली प्रवासाची दोन हजारांची उचल.