भुवईपासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत

शाळेचा कार्यक्रम चालू आहे. मंचावर गाणं रंगलंय आणि मुलंमुली बसून ऐकताहेत. गणवेशातली एक मुलगी समोरच्या मुलाकडे बघून भुवई उडवते. तोही भुवया उडवून उत्तर देतो. मग ती हळूच एक डोळा मिटते आणि तो पार विरघळतो. एवढंच. सारा प्रकार अर्ध्या मिनिटाच्या आसपास संपतो आणि कोणी एक शब्दही बोलत नाही.

ती मुलगी म्हणजे केरळमधल्या त्रिशूरची प्रिया प्रकाश वारियर. वय अठरा, विमला कॉलेजात बी.कॉम.ची विद्यार्थिनी. ‘ओरु अडार लव्ह’ या मल्याळम चित्रपटात तिला लहानशी भूमिका मिळाली होती. दिग्दर्शक ओमर लुलू यांनी ऐनवेळी काहीतरी गोड करून दाखव म्हटलं आणि तिने भुवई उडवली, असं तिने पुढे मुलाखतींत सांगितलं. ‘माणिक्य मलराय पूवी’ हे गाणं शुक्रवारी, 9 फेब्रुवारी 2018 ला यूट्यूबवर आलं. लोकांसमोर येणारं तिचं हे पहिलंच मोठं काम होतं.

शनिवार-रविवारपर्यंत गाणं मागे पडलं आणि त्यातून कापलेला तेवढा तुकडा देशभर फिरू लागला. तिच्या इन्स्टाग्राम खात्यावर एका दिवसात सहा लाखांहून जास्त फॉलोअर्स वाढल्याच्या बातम्या आल्या. ज्या वर्गात ती आठवडाभरापूर्वी चारचौघींसारखी बसत होती, तिथे परतणं आता सोपं नव्हतं.

असं का झालं, याचं उत्तर बहुतेकांनी तिच्या डोळ्यांत शोधलं. ते खरं आहेच, पण पुरेसं नाही. माझ्या मते खरं कारण त्या तुकड्याच्या संकलनात आहे. संकलक आधी तिचा चेहरा दाखवतो, मग त्याचा, पुन्हा तिचा, पुन्हा त्याचा. दोघं एका चौकटीत असण्याची गरजच पडत नाही. सिनेमात संवाद दाखवण्याची ही अगदी नेहमीची रीत आहे. पण तिच्यामुळे एक सोय आपोआप होते: मुलाचे शॉट काढून तिथे दुसऱ्या कोणाचेही टाकता येतात. लोकांनी नेमकं तेच केलं. कुणी तिच्यासमोर राजकीय नेते बसवले, कुणी सिनेमातले नट, कुणी स्वतःला. मोबाइलवर कापाकापी करता येणाऱ्या कुणालाही पाच मिनिटांत आपली आवृत्ती तयार करता येत होती आणि प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर मूळ चेहरा आणखी काही घरांत पोचत होता. नुसतं बघण्यासारखं असलेलं दृश्य लोक एकदा पाहून सोडतात. ज्यात स्वतःला हात घालता येतो, ते पुढे जात राहतं.

त्यात संवाद नसल्याने भाषेची अडचण उरली नाही. मल्याळमचा एक शब्द न कळणाऱ्यालाही भुवई कळते. शिवाय जिओ आल्यापासून दीडेक वर्षात मोबाइल डेटा स्वस्त झाला होता, त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ पाठवताना कुणी हात आखडता घेत नव्हतं. आणि तारीख! व्हॅलेंटाइन डे पाच दिवसांवर आला होता. कॉलेजातल्या मुलांना एकमेकांना पाठवायला काहीतरी हवंच होतं.

इथवरची गोष्ट आनंदाची. पण ज्या कापण्यामुळे तो तुकडा इतका दूर गेला, त्याच कापण्याने गाणं त्याच्या मुळापासून तुटलं होतं. हे गाणं नवं नव्हतं. पी. एम. ए. जब्बार यांनी लिहिलेलं ते मापिळा गीत, म्हणजे मलबारच्या मुस्लिमांच्या लोकगीतपरंपरेतलं. 1978 पासून ते केरळात गायलं जात होतं. पैगंबर आणि त्यांच्या पत्नी खदीजा यांच्या प्रेमाचं आणि विवाहाचं त्यात कौतुक आहे. शान रहमान यांनी चित्रपटासाठी त्याला नवा साज दिला आणि विनीत श्रीनिवासन यांनी ते गायलं. केरळात ज्याला हे गाणं ठाऊक होतं, त्याला त्यात वावगं काही दिसण्याचं कारण नव्हतं. केरळाबाहेर मात्र लोकांकडे दोनच गोष्टी पोचल्या: डोळा मारणारी मुलगी आणि गाण्याचं कुणीतरी केलेलं भाषांतर. त्या दोन्ही शेजारी ठेवल्यावर काहींना ती विटंबना वाटली.

बुधवारी, 14 फेब्रुवारीला हैदराबादच्या फलकनुमा पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला. मुंबईत आणि तेव्हाच्या औरंगाबादेतही तक्रारी झाल्या. कलम होतं भारतीय दंड संहितेचं 295 अ, म्हणजे धार्मिक भावना दुखावण्याचं. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती. शुक्रवारी गाणं आलं आणि पुढच्या बुधवारी त्यावर गुन्हा. एका आठवड्याच्या आत कौतुक आणि पोलीस दोन्ही दारात आले.

अशा वेळी आरोपापेक्षा अंतर जास्त छळतं. तक्रार कुठल्याही राज्यात होऊ शकते आणि प्रत्येक ठिकाणी वकील देऊन, हेलपाटे घालून स्वतःला सोडवावं लागतं. त्रिशूरच्या विद्यार्थिनीने तेलंगणात आणि महाराष्ट्रात किती ठिकाणी उभं राहायचं? म्हणून प्रिया, ओमर लुलू आणि निर्माते राज्यघटनेच्या 32 व्या कलमाखाली थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. गाण्याचा चुकीचा अर्थ लावून तक्रारी झाल्या आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. 21 फेब्रुवारीला न्यायालयाने फौजदारी कारवाईला स्थगिती दिली.

अंतिम निकाल 31 ऑगस्टला आला. सरन्यायाधीश दीपक मिश्रा, न्या. खानविलकर आणि न्या. चंद्रचूड यांच्या खंडपीठाने गुन्हा रद्द केला आणि याच चित्रीकरणावरून पुन्हा तक्रारी दाखल करून घेऊ नयेत, असंही सांगितलं. आधार घेतला 1957 च्या रामजीलाल मोदी खटल्याचा. धर्माचा अपमान जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेला असेल, तरच 295 अ लागू होतं, असं त्या निकालात म्हटलं होतं. नकळत किंवा निष्काळजीपणे कुणाचं मन दुखावलं, तर हे कलम लागत नाही. गाण्यात डोळा मारण्याला असा हेतू चिकटवता येत नाही, असं न्यायालयाचं मत पडलं. ज्या देशात कुठलाही तुकडा रातोरात कुठेही पोचू शकतो, तिथे ‘हेतू काय होता’ हा प्रश्न न्यायालयाने ठामपणे मधोमध आणून ठेवला, हे मला या प्रकरणातलं सर्वांत मोलाचं वाटतं.

कायद्याने तिला सोडवलं, पण गर्दीवर कायद्याचा इलाज नव्हता. क्लिप गाजल्यावर चित्रपटाची कथाच बदलली आणि तिची छोटी भूमिका मोठी झाली. आधीपासून नायिका असलेली नूरीन शरीफ त्यामुळे मागे सरली आणि तिने ही नाराजी उघडपणे बोलून दाखवली. सप्टेंबर 2018 मध्ये याच चित्रपटाचं ‘फ्रीक पेण्णे’ हे गाणं आलं, तेव्हा लोकांनी यूट्यूबवर त्याला नापसंतीच्या खुणांनी झोडपून काढलं. 14 फेब्रुवारी 2019 ला चित्रपट दाखल झाला, पण त्या अर्ध्या मिनिटाने वाढवलेली अपेक्षा दोन-अडीच तासांच्या कथेला पेलवली नाही. प्रेक्षकांना शेवट रुचला नाही, म्हणून चित्रपटगृहांत चित्रपट चालू असतानाच तो बदलण्यात आला. प्रियाने मात्र अभिनय सोडला नाही. 2021 मध्ये ‘चेक’ या तेलुगू चित्रपटात आणि पुढे मल्याळम, तमिळमध्येही ती काम करत राहिली.