पिन नेमकी कुठे रोवायची?

संध्याकाळी पाचनंतर कोल्हापुरात रंकाळ्याच्या काठावर दोन प्रकारची माणसं दिसतात. एक इथलीच. कुणाकडची भेळ खायची आणि तिखट किती घालायला सांगायचं, हे त्यांचं वर्षानुवर्षं ठरलेलं असतं. दुसरी अंबाबाईचं दर्शन घेऊन फिरायला आलेली बाहेरगावची. ही मंडळी शालिनी पॅलेस मागे येईल असा फोटो काढतात, इन्स्टाग्रामवर टाकताना जागेचं नाव शोधतात आणि त्या नावाखाली इतरांनी काय टाकलंय तेही चाळतात. त्यांना भूक लागलेली असते, भेळेची गाडी दोनशे पावलांवर असते, पण त्या चाळण्यात ती त्यांना दिसत नाही.

लोकेशन टॅगचा खरा उपयोग या दुसऱ्या प्रकारच्या माणसांसाठी आहे. तो कसा करायचा, हे एका उदाहरणावरून पाहू. समजा, रंकाळ्यावर 'मामांची भेळ' अशी पाटी लावलेली एक गाडी आहे. संध्याकाळी पाच ते दहा चालते. मामांची मुलगी कॉलेजात जाते आणि गाडीचं इन्स्टाग्राम खातं तीच सांभाळते.

सुरुवातीला ती प्रत्येक व्हिडिओला `Kolhapur` असं ठिकाण देते. वरवर पाहता यात काही चूक नाही. पण इन्स्टाग्रामवर प्रत्येक ठिकाणाचं स्वतःचं पान असतं आणि त्या नावाने टाकलेल्या सार्वजनिक पोस्ट तिथे एकत्र येतात. अख्ख्या शहराच्या पानावर लग्नांपासून कुस्त्यांपर्यंत सगळंच येऊन पडतं. मामांची भेळ त्यात काही वेळातच खाली जाते. शिवाय ते पान बघणारा माणूस पुण्यातल्या घरी बसलेला असू शकतो. रंकाळ्याचं पान बघणारा मात्र बहुधा तिथे आलेला असतो किंवा यायच्या बेतात असतो. म्हणून अनोळखी लोकांसाठी केलेल्या पोस्टला आणि रीलला शहराचं नाव न देता जवळच्या ओळखीच्या जागेचं नाव द्यावं. गिऱ्हाईक जिथे उभं आहे, तिथलं.

यात एक मेख आहे. अशा जागेची नावं इन्स्टाग्रामवर बऱ्याचदा दोन-चार सापडतात. स्पेलिंग थोडं वेगळं, मागे कधी कुणी तरी तयार केलेली. मुलीने शोधाच्या चौकटीत नाव लिहून `Places` खाली येणारं प्रत्येक पान उघडून बघावं. ज्या पानावर गेल्या दोन-तीन दिवसांतल्या पोस्ट आहेत, ते लोकांच्या वापरातलं. तेच एक नाव पक्कं करावं.

आता गाडीचं स्वतःचं ठिकाण. नवीन जागा इन्स्टाग्राममधून सरळ तयार करता येत नाही. ती फेसबुकच्या बाजूने येते. फोनचं लोकेशन चालू ठेवून गाडीपाशी उभं राहायचं, फेसबुकवर नवी पोस्ट सुरू करून `Check in` निवडायचं आणि नाव लिहायचं. यादीत ते नाव नसेल, तर नवी जागा जोडण्याचा पर्याय दिसतो. घरी बसून हे केलं, तर पिन घरावर पडण्याची भीती असते. नाव पाटीवर आहे तेच, पुढे फक्त जागा: `Mamanchi Bhel Rankala`. 'बेस्ट', 'नंबर वन' असले शब्द नकोत, कारण शोधणारा माणूस पाटीवर वाचलेलंच नाव लिहितो. ही जागा इन्स्टाग्रामच्या यादीत यायला कधी कधी थोडा वेळ लागतो.

गाडीचं हे ठिकाण स्टोरीवरच्या स्टिकरसाठी वापरावं. रील अनोळखी माणसापर्यंत जाते, पण स्टोरी मुख्यतः खातं फॉलो करणारेच बघतात. त्यांना रंकाळा कुठे आहे ते माहीत असतं, गाडी आज लागली आहे का आणि नेमकी कुठे, हे हवं असतं. स्टिकरवर बोट ठेवलं की ठिकाणाचं पान उघडतं आणि नकाशावर जागा दिसते. स्टोरी चोवीस तासांनी जाते. त्यामुळे ती रोज साडेचार-पाचला, गाडी लावतानाच टाकावी. कांदा चिरतानाचा पाच सेकंदांचा व्हिडिओ, त्यावर स्टिकर आणि 'आज दहापर्यंत' एवढे शब्द पुरतात. रात्री अकराला टाकलेली स्टोरी बघून कुणी आलं, तर त्याला रिकामी जागा दिसेल. स्टिकर अगदी वरच्या किंवा खालच्या कडेला लावू नये. तिथे खात्याचं नाव आणि उत्तर लिहिण्याची चौकट असते, आणि दाबायला गेलेलं बोट भलतीकडेच पडतं.

गाडीपेक्षाही गिऱ्हाइकाने टाकलेल्या फोटोवर लोकांचा विश्वास जास्त बसतो. पण गिऱ्हाइकाने नुसतं ठिकाण टॅग केलं, तर गाडीच्या खात्याला त्याचा निरोप येत नाही. त्याने `@` लावून खात्याचं नाव लिहिलं, तर संदेश येतो आणि ती स्टोरी आपल्या स्टोरीत घेता येते. म्हणून गाडीच्या काचेवर, डोळ्यांच्या उंचीवर, एक छोटं स्टिकर चिकटवावं. त्यावर मोठ्या अक्षरांत खात्याचं नाव आणि खाली 'फोटो टाकलात तर आम्हालाही टॅग करा'. ताट हातात असलेला माणूस क्यूआर कोड स्कॅन करत बसत नाही. नाव लिहून मोकळा होतो. टॅगच्या बदल्यात फुकट भेळ देण्याच्या फंदात मात्र पडू नये. तशी गिऱ्हाइकं पुरीसाठी येतात आणि पुन्हा फिरकत नाहीत.

इन्स्टाग्राम पाहून खावंसं वाटतं, पण पावलं चालतात ती बहुधा गूगल मॅप्सच्या रस्त्याने. त्यामुळे तिथेही त्याच नावाने विनामूल्य नोंद हवी. पडताळणीसाठी बऱ्याचदा व्हिडिओ मागतात, त्यात आजूबाजूचा रस्ता, पाटी आणि गाडीवरचं सामान दिसावं लागतं. तळ्याकाठी पिन हमखास चुकते. ती पाण्यात पडते किंवा तळ्याच्या भलत्याच बाजूला, आणि माणूस उगाच वळसा घालतो. पिन हाताने सरकवून नीट बसवावी, वेळही पाच ते दहा अशीच लिहावी. फेरीवाला प्रमाणपत्रात नेमून दिलेली जागा असेल, तर पिन तिथेच हवी. गाडी हलली की दोन्हीकडची पिन त्याच दिवशी बदलावी. जुन्या जागी जाऊन परतलेलं गिऱ्हाईक पुन्हा शोधत येत नाही.

हे सगळं चालतंय का, ते कसं कळणार? आधी मैत्रिणीचा फोन घ्यावा. आपल्या फोनवर आपलंच खातं वर दिसतं, म्हणून तो पुरावा धरू नये. तिच्या फोनवर रंकाळ्याचं पान उघडून आपली ताजी रील सापडते का ते पाहावं. सापडत नसेल, तर आपलं खातं प्रायव्हेट तर नाही ना, हे आधी तपासावं. खातं सार्वजनिक असूनही कुठली पोस्ट वर येईल, हे अ‍ॅपच ठरवतं, त्याची हमी नसते.

स्टोरीच्या आकड्यांत स्टिकरवर किती बोटं पडली तेही कळतं, पण किती माणसं गाडीवर आली ते नाही. त्यासाठी मामांनी गल्ल्याशेजारी एक वही ठेवावी. नवीन चेहरा दिसला की भेळ कालवता कालवता विचारायचं, "पाव्हणं, कुठनं कळलं?" उत्तराप्रमाणे एक रेघ: फोन, ओळखीचे, जाता जाता दिसलं. दोन आठवडे शहराच्या नावाने टॅग, पुढचे दोन आठवडे रंकाळ्याच्या. मध्ये सण किंवा मोठा पाऊस आला, तर ते दिवस वगळायचे. महिन्याअखेरीस 'फोन'च्या रकान्यातल्या रेघा दोन्ही वेळच्या मोजल्या, की कुठला टॅग ठेवायचा हे मामांना त्यांच्याच वहीतून कळेल.