पगार वाढला, ज्वारी घटली

अर्थशास्त्रात ‘कनिष्ठ वस्तू’ म्हटले की माल वाईट असणार, असा अनेकांचा समज होतो. ज्वारीला हे नाव चिकटले तर सोलापूरकर भांडायलाच उठतील. पण या नावाचा दर्जाशी संबंध नाही. भाव तेच असताना उत्पन्न वाढले आणि खरेदी वाढली, तर वस्तू सामान्य. घटली, तर कनिष्ठ. एवढाच निकष.

समजा, एका कुटुंबाचे मासिक उत्पन्न १५ हजारांवरून २० हजारांवर गेले आणि ज्वारीची खरेदी २० किलोंवरून १४ किलोंवर आली. उत्पन्न सुमारे ३३ टक्के वाढले, ज्वारी ३० टक्के घटली. ज्वारीतल्या बदलाला उत्पन्नातल्या बदलाने भागले की भागाकार सुमारे उणे ०.९ येतो. यालाच मागणीची उत्पन्न लवचिकता म्हणतात. ती उणे आली, म्हणून या घरासाठी ज्वारी कनिष्ठ ठरली. घरातली भूक मात्र कमी झालेली नसते. पोट तेवढेच असते, पण आता गहू, भाजी, दूध, अंडी परवडू लागतात आणि ताटातली जागा ज्वारीला सोडावी लागते. शिवाय रोज भाकरी थापायला वेळ लागतो, आणि घरातली बाईही कमावू लागली की त्या वेळेचे मोल वाढते.

याच घरात कांद्यावरचा खर्च ३०० रुपयांवरून ३३० झाला, तर उत्पन्नातला त्याचा वाटा २ टक्क्यांवरून १.६५ टक्क्यांवर येतो. तेवढ्यावरून कांद्याला कनिष्ठ ठरवणे ही नेहमीची गफलत. भाव न बदलता कांदा जास्तच घेतला गेला आहे. फक्त खरेदी उत्पन्नाइतक्या वेगाने वाढलेली नाही. उत्पन्न वाढले की अन्नावरच्या खर्चाचा वाटा घटतो, हे अर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्येच बेल्जियमच्या कुटुंबांच्या हिशेबांवरून दाखवले होते.

आणखी एक घाई टाळायला हवी. गेल्या काही दशकांत महाराष्ट्राच्या ताटातली ज्वारी घटली, ती सगळी समृद्धीमुळेच असे म्हणता येत नाही. रेशनवर गहू-तांदूळ स्वस्तात मिळू लागले, म्हणजे तुलनेने भावही बदलले. उत्पन्नाचा परिणाम वेगळा काढायचा तर एकाच वर्षी, एकाच भागात, जवळपास सारखेच भाव मोजणारी पण कमी-जास्त कमावणारी घरे शेजारी ठेवून पाहावी लागतात.

‘कनिष्ठ’ हा शिक्का वस्तूवर कायमचा बसत नाही, ही बाब मात्र सहज विसरली जाते. अर्धपोटी घराला चार पैसे जास्त मिळाले, तर ते आधी ज्वारीच जास्त घेईल. मधल्या टप्प्यावर तीच कनिष्ठ होते. पुण्या-मुंबईतल्या खात्यापित्या घरांत आरोग्याच्या नावाखाली भाकरी परतली आहे, तीही बऱ्याचदा गव्हापेक्षा महाग ज्वारीची. तिथे उत्पन्नाबरोबर तिची खरेदी वाढत असेल, तर त्या घरांपुरती ज्वारी सामान्य वस्तू झाली.