न्यूट्रल तुटतो तेव्हा

इमारतीत अचानक काही घरांतले दिवे मिणमिणू लागतात, पंखे रेंगाळतात, आणि त्याच वेळी दुसऱ्या काही घरांतले दिवे डोळे दिपवतील इतके पेटतात. पाच मिनिटांत कुणाचा तरी टीव्ही जातो, कुणाच्या सेट-टॉप बॉक्समधून धूर येतो. वायरमन येऊन सांगतो, "न्यूट्रल गेला." वीज गेलेली नसताना, कुठे शॉर्ट सर्किट नसताना एका घरात दीडशे व्होल्ट आणि शेजारी तीनशेच्या वर, हे होतं कसं? आणि किती व्होल्ट येणार हे आधी सांगता येतं का? येतं, तेही एका ओळीच्या सूत्रानं.

डीपीवरच्या ट्रान्सफॉर्मरमधून तीन फेज निघतात. त्यांना लाल, पिवळा आणि निळा म्हणण्याची रीत आहे. प्रत्येक फेज न्यूट्रलच्या मानानं 230 व्होल्टवर असतो. घरं तिघांत वाटून दिलेली असतात. काही लाल फेजवर, काही पिवळ्यावर, उरलेली निळ्यावर. पण सगळ्या घरांतून परतणारी वायर एकाच ठिकाणी जुळते आणि तिथून एक सामाईक न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरकडे जातो. म्हणजे त्या जोडावर चार शाखा भेटतात. तीन शाखांना स्वतःचा 230 व्होल्टचा स्रोत आहे. चौथी शाखा म्हणजे न्यूट्रलची वायर, आणि तिचा स्रोत शून्य व्होल्टचा.

या जोडाचं व्होल्टेज किती, हा प्रश्न. एरवी असं सर्किट सोडवायला प्रत्येक वळशासाठी वेगळं समीकरण मांडावं लागतं. जेकब मिलमन यांनी 1940 साली अमेरिकेतल्या रेडिओ इंजिनिअरांच्या नियतकालिकात दाखवलं की अशा जोडणीत तेवढा खटाटोप लागत नाही. (इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्यांना 'मिलमन-हलकियास' हे जाडजूड पुस्तक आठवेल, तेच हे मिलमन.) युक्ती साधी आहे. जोडावर वीज साठून राहत नाही, म्हणून सगळ्या शाखांतून तिथे येणाऱ्या प्रवाहांची बेरीज शून्य असते. शाखेचा प्रवाह म्हणजे तिचा स्रोत आणि जोड यांच्या व्होल्टेजमधला फरक, गुणिले तिची वाहकता. वाहकता म्हणजे रोधाचा व्यस्त: रोध कमी तर वाहकता जास्त. हे मांडून जोडाचं व्होल्टेज एका बाजूला घेतलं की उरतं ते असं:

V = (V1·G1 + V2·G2 + V3·G3 + V4·G4) / (G1 + G2 + G3 + G4)

म्हणजे जोडाचं व्होल्टेज हे सगळ्या स्रोतांचं सरासरी व्होल्टेज, पण भारित सरासरी. ज्या शाखेची वाहकता मोठी, ती जोडाला आपल्याकडे जास्त ओढते.

आता आकडे घालू. समजा लाल फेजवर 3000 वॉटची उपकरणं चालू आहेत, पिवळ्यावर 1500 आणि निळ्यावर फक्त 500. सोयीसाठी ती सगळी गिझर-इस्त्रीसारखी निव्वळ तापणारी धरू. तिघांची मिळून वाहकता साधारण 0.095 सीमेन्स भरते. न्यूट्रलच्या वायरचा रोध 0.1 ओहम असला तर तिची एकटीची वाहकता 10. शंभरपटीहून जास्त! तिचा स्रोत शून्याचा, म्हणून जोडही शून्याला चिकटून राहतो. गणित केलं तर तो जेमतेम एक व्होल्ट सरकतो. भार कितीही विषम असला तरी प्रत्येक घराला 230 मिळतात ते या एका तारेच्या जोरावर.

ती तार तुटली, किंवा तिचा नट गंजून सैल झाला, की सूत्रातलं G4 शून्य होतं. आता ओढाताण तिघांतच. इथे एक अडचण आहे: तिन्ही फेजचे 230 एकाच क्षणी शिखरावर जात नाहीत, एक तृतीयांश आवर्तनाच्या अंतरानं जातात. म्हणून त्यांची साधी बेरीज चालत नाही, दिशेसकट बेरीज लागते. पण त्यासाठी गणिताची वही नको, पट्टी पुरते.

कागदावर 10 सेंटिमीटर बाजूचा समभुज त्रिकोण काढा. एक सेंटिमीटर म्हणजे 40 व्होल्ट. तीन कोपरे म्हणजे तीन फेज. दोन फेजमध्ये 400 व्होल्ट असतात, तीच त्रिकोणाची बाजू. न्यूट्रल धड असतो तेव्हा जोड बरोबर मध्यावर असतो, प्रत्येक कोपऱ्यापासून 230 व्होल्टवर. तुटल्यावर लाल आणि पिवळा यांचे भार 3000 आणि 1500, म्हणजे दोनास एक. म्हणून त्यांना जोडणाऱ्या बाजूवर लाल कोपऱ्यापासून एक तृतीयांश अंतरावर खूण करा. त्या खुणेचं वजन आता 4500, आणि निळ्याचं 500. खुणेपासून निळ्या कोपऱ्यापर्यंत रेघ ओढून तिच्या एक दशांशावर ठिपका द्या. हाच नवा जोड. आता पट्टी लावून मोजा: लाल कोपरा सुमारे 3.6 सेंटिमीटर, पिवळा साडेसहा, निळा 7.9. म्हणजे लालवर 144 व्होल्ट, पिवळ्यावर 261, निळ्यावर 316.

ज्याच्याकडे सर्वांत कमी भार, त्याच्या वाट्याला सर्वांत जास्त व्होल्टेज. रात्री फक्त टीव्ही आणि एक दिवा लावून बसलेलं घर जळतं, गिझर-इस्त्री चालवणारं वाचतं, अन्यायच म्हणायचा. निळ्यावरच्या 100 वॉटच्या जुन्या पिवळ्या बल्बला या स्थितीत जवळजवळ 190 वॉट सोसावे लागतात. तिथली उपकरणं जळून बंद पडली की निळ्याचं वजन शून्य होतं, ठिपका लाल-पिवळ्याच्या बाजूवर येतो, आणि पिवळ्यावर 265 व्होल्ट चढतात. म्हणजे नुकसान पुढच्या फेजकडे सरकतं.

खऱ्या इमारतीत आकडे इतके नेमके येणार नाहीत. मोटरचा प्रवाह व्होल्टेजच्या मागे पडतो, त्यामुळे वाहकतेलाही दिशा येते आणि ठिपका कधी त्रिकोणाबाहेरही जाऊ शकतो. एलईडी दिवे, चार्जर, टीव्ही व्होल्टेज वाढलं की प्रवाह कमी घेतात, म्हणजे त्यांचं वजन आपोआप बदलत राहतं. सूत्र अशा उपकरणांसाठी केलेलंच नाही. कोणाचं व्होल्टेज चढेल हा अंदाज मात्र बहुधा चुकत नाही.

एमसीबी इथे सहसा पडत नाही, कारण सुरुवातीला प्रवाह फार वाढलेला नसतो. आरसीसीबीही शांत राहते, कारण घरात जाणारा आणि परतणारा प्रवाह सारखाच असतो. व्होल्टेज मोजून तोडणारा प्रोटेक्टर लावला असेल तरच घर वाचतं. आणि अर्थिंग नाही म्हणून उपकरणाची बॉडी न्यूट्रललाच जोडून देण्याची जी वाईट सवय काही ठिकाणी आहे, ती इथे जीवघेणी ठरते: आपल्या उदाहरणात तो न्यूट्रल जमिनीच्या मानानं 100 व्होल्टवर असतो. टेस्टर लावला तर न्यूट्रलच्या भोकातही दिवा लागतो.

दिवे असे विषम पेटू लागले तर पहिलं काम मेन स्विच बंद करणं. मग वायरमन खात्री कशी करतो? पॅनेलवर तो आधी दोन-दोन फेजमध्ये मीटर लावतो. तिथे तिन्ही वेळा 400 च्या आसपास आकडा आला, पण फेज आणि न्यूट्रलमध्ये 144, 261, 316 असे वेडेवाकडे आले, तर त्रिकोण शाबूत आहे आणि फक्त ठिपका सरकला आहे. दोष फेजमध्ये नाही. डीपीपासून पॅनेलपर्यंत न्यूट्रलचा एकेक जोड आणि लग तपासत जायचं.