टोरॉइडचा इंडक्टन्स: दुसरा N कुठून येतो?

आज मेदूवड्याच्या आकाराच्या कॉइलबद्दल, म्हणजे टोरॉइडबद्दल बोलूया. सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

कॉलेजात प्लास्टिकच्या कड्यावर आम्ही तांब्याच्या तारेचे ५०० वेढे घातले होते. आतली त्रिज्या ४ सेंमी, बाहेरची ६ सेंमी, उंची २ सेंमी, काप आयताकृती. माझं गणित सांगत होतं इंडक्टन्स ०.८ मायक्रोहेन्री, आणि मीटर दाखवत होता सुमारे ०.४ मिलिहेन्री. जवळजवळ ५०० पट फरक! मी आधी मीटरवरच संशय घेतला.

आता गणित बघा. कड्याच्या आत r त्रिज्येचं वर्तुळ काढलं, तर त्यातून N वेळा I एवढा प्रवाह जातो. ॲम्पिअरच्या नियमाने:

B = μ₀NI / (2πr)

म्हणजे B सगळीकडे सारखं नाही. आपल्या कॉइलमध्ये २ अँपिअर सोडले तर आतल्या कडेला ५ मिलिटेस्ला, बाहेरच्या कडेला ३.३. म्हणून कापाच्या उभ्या पातळ पट्ट्या करायच्या, प्रत्येकीचं क्षेत्रफळ h dr, आणि बेरीज घ्यायची:

Φ = (μ₀NIh / 2π) ln(b/a)

मी इथेच थांबलो होतो, आणि याला I ने भागून मोकळा झालो. पण हा फ्लक्स एका वेढ्यातून जाणारा. तोच फ्लक्स प्रत्येक वेढ्यातून जातो, प्रत्येकात व्होल्टेज तयार होतं आणि वेढे एकामागोमाग जोडलेले असल्याने ती व्होल्टेजेस मिळवली जातात. म्हणून फ्लक्स लिंकेज NΦ, आणि

L = NΦ/I = (μ₀N²h / 2π) ln(b/a)

एक N क्षेत्र निर्माण करणारा, दुसरा ते झेलणारा. आकडे घातले की ०.४०५ मिलिहेन्री येतात. मीटर बरोबर होता!

आता ऊर्जा. २ अँपिअरला ½LI² म्हणजे ०.८१ मिलिज्यूल. पण ती असते कुठे? तारेत नाही, कड्याच्या आतल्या पोकळीत. पडताळा घ्या: मध्यावर B ४ मिलिटेस्ला, म्हणून B²/2μ₀ म्हणजे दर घनमीटरला सुमारे ६.४ ज्यूल. कड्याचं आकारमान १२६ घन सेंमी. गुणाकार ०.८० मिलिज्यूल. उरलेला जेमतेम दीड टक्का फरक मध्यावरचंच B सगळीकडे धरल्यामुळे. प्रत्यक्षात आतल्या कडेला ऊर्जेची घनता बाहेरच्यापेक्षा सव्वादोन पट असते. नीट बेरीज केली की ०.८१ च येतं.

एक सावधगिरी: फेराइटचा गाभा घातला तर इंडक्टन्स कितीतरी वाढतो, पण प्रवाह वाढवत नेला की गाभा संपृक्त होतो आणि L घसरतो. मग मीटरने कमी प्रवाहावर मोजलेला L घेऊन ½LI² काढलं, तर उत्तर फुगून येतं. हवेच्या किंवा प्लास्टिकच्या गाभ्याला ही भीती नाही.

तेव्हा गणित आणि मीटर यांच्यात बरोबर वेढ्यांच्या संख्येइतका फरक आला, तर मीटर उघडू नका. दुसरा N शोधा. भेटूया पुढच्या भागात!