शेजारच्या पेपरातला ९५

नेटवर्किंगच्या परीक्षेत सबनेटिंगचा प्रश्न प्रत्येक पेपरात वेगळ्या आकड्यांनी येतो, म्हणजे नक्कल जमत नाही असा समज. आकडे मात्र जपून निवडावे लागतात.

एका पेपरात `192.168.10.77/27` आहे. पत्त्याच्या ३२ बिटांपैकी २७ नेटवर्कचे, उरले ५. म्हणून ३२-३२ पत्त्यांचे गट. ७७ पडतो ६४ ते ९५ च्या गटात. ६४ हा नेटवर्कचा पत्ता, ९५ ब्रॉडकास्टचा, मधले ३० यंत्रांसाठी.

शेजाऱ्याला नुसतं `/28` करून दिलं, तर गट १६ चा होतो, पण सुरुवात पुन्हा ६४ लाच! अर्धं उत्तर आयतं मिळालं. ७७ ऐवजी ९० घेतला, तर गट ८० ते ९५, म्हणजे आता ब्रॉडकास्ट तोच. ११७ घेतला, की ११२ ते १२७. दोन्ही टोकं वेगळी.

या तिसऱ्या पेपरात कुणी ९६ लिहिलं, तर त्याने चुकून `/27` धरून गणित केलं असावं. पद्धतीचे गुण द्यायला हरकत नाही. पण ६४ आणि ९५ लिहिलं असेल, तर ते आकडे ११७ वरून सहजी निघत नाहीत. ते शेजारच्या बाकावरून आले असण्याचीच शक्यता जास्त.