कार्डावर दिलेली टिप जाते कुठे?

कोथरूडमधल्या एका मध्यम आकाराच्या रेस्टॉरंटात शनिवारी रात्री चौघांचं जेवण झालं. जेवण 4,000 रुपयांचं, त्यावर 5 टक्के जीएसटी 200, म्हणजे बिल 4,200. बडीशेपेच्या वाटीबरोबर वेटरनं कार्ड मशीन आणलं. पाहुण्यांपैकी एक म्हणाले, "पंचेचाळीसशे घाला." वरचे 300 वेटरचे. वेटर हसून "थँक्यू सर" म्हणाला, पण त्याच्या हातात काही पडलं नाही. पैसे गेले रेस्टॉरंटच्या बँक खात्यात, आणि तेही सोमवारी किंवा मंगळवारी, बँकेचं कमिशन वजा होऊन.

रोखीच्या काळात हा प्रश्नच नव्हता. नोट वाटीखाली सरकवली की ती वेटरच्या खिशात किंवा टिपेच्या डब्यात जायची आणि मालकाच्या वहीशी तिचा संबंध यायचा नाही. कार्ड आणि क्यूआर आल्यापासून टिप आधी मालकाकडे जाते. मधले काही दिवस ती मालकाच्या खात्यात असते, पण मालकाची नसते. हिशेबाच्या वहीत तिला जागा द्यावी लागते ती यामुळेच, आणि ती जागा विक्रीच्या बाजूला नसून देण्याच्या बाजूला असते.

ही भूमिका कुणा सीएच्या डोक्यातून निघालेली नाही. मोठ्या हॉटेलांनी कार्डावर आलेल्या टिपा कर्मचाऱ्यांना वाटल्या, तेव्हा प्राप्तिकर खात्याचं म्हणणं होतं की हा पगारच आहे आणि त्यावर मालकानं टीडीएस कापायला हवा होता. 2011 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं खात्याची बाजू उचलून धरली. 26 एप्रिल 2016 रोजी आयटीसी कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय फिरवला. टिप पाहुणा देतो, स्वखुशीनं देतो. मालक ती फक्त विश्वस्त म्हणून घेतो आणि पोचवतो. म्हणून ती पगार नाही आणि पगारावरची करकपात तिला लागू नाही. कर माफ झाला असा याचा अर्थ नव्हे. कर्मचाऱ्याच्या हातात ते 'इतर उत्पन्न' ठरतं आणि त्याचा हिशेब त्यानं द्यायचा.

विश्वस्ताचे पैसे वहीत कसे दिसतात ते पाहू. त्या रात्रीची नोंद अशी होईल:

कार्ड येणे खाते, नावे 4,500
जेवण विक्री खाते, जमा 4,000
सीजीएसटी देणे, जमा 100
एसजीएसटी देणे, जमा 100
टिपा देणे खाते, जमा 300

शेवटची ओळ महत्त्वाची. टिपेचे 300 विक्रीत मिसळले नाहीत, ते एका वेगळ्या देण्यात बसले. त्यांच्यावर जीएसटीही नाही, कारण ते जेवणाची किंमत नाहीत.

दोन-तीन दिवसांनी बँकेत पैसे येतात तेव्हा दुसरी नोंद पडते. बँकेचं कमिशन 1.8 टक्के धरू. 4,500 वर ते 81 रुपये. त्यावर 18 टक्के जीएसटी 14.58. म्हणजे खात्यात 4,404.42 येतात आणि 95.58 कमिशन खर्चात जातात. कार्ड येणे खातं शून्य होतं. टिपा देणे खात्याला या नोंदीत हातही लागत नाही. तिथे अजून पूर्ण 300 उभे आहेत. ते कमी होतात फक्त वाटप झालं की: टिपा देणे खाते नावे, बँक किंवा रोख खाते जमा.

मात्र त्या 300 वरचं कमिशन, साधारण 6 रुपये 37 पैसे, कुणी सोसायचं? मालकानं सोसलं तर वर दाखवलेल्या नोंदी तशाच राहतात. कर्मचाऱ्यांच्या वाट्यातून कापायचं ठरलं तर वाटपाच्या वेळी टिपा देणे खातं 300 नंच नावे पडतं, त्यातले 293.63 बँकेतून जातात आणि 6.37 कमिशन खर्चातून कमी होतात. ब्रिटनमध्ये 1 ऑक्टोबर 2024 पासून लागू झालेल्या कायद्यानं हा वाद मिटवला: टिप पूर्ण पोचवायची, कार्डाचं कमिशन कापायचं नाही, आणि पुढचा महिना संपायच्या आत वाटप करायचं. आपल्याकडे हे मालकाच्या धोरणावर सोडलेलं आहे. माझं मत विचाराल तर सहा रुपयांसाठी कर्मचाऱ्यांच्या मनात संशय पेरण्याइतका वाईट सौदा दुसरा नाही. शिवाय पाहुण्यानं यूपीआयनं बँक खात्यातून थेट पैसे दिले तर कमिशन लागतच नाही. मग सरसकट दोन टक्के कापणारा मालक त्यातून चक्क कमाई करतो.

वाटप बहुतेक ठिकाणी पॉइंटवर होतं. समजा आठवड्याला कार्ड आणि यूपीआयवरून 18,600 रुपये टिप जमली. कॅप्टनचे 3 पॉइंट, पाच वेटरांचे प्रत्येकी 2, दोन हेल्परांचा आणि किचनमधल्या पाच जणांचा प्रत्येकी 1. एकूण 20 पॉइंट, पॉइंटला 930 रुपये. कॅप्टनला 2,790, वेटरला 1,860, बाकीच्यांना 930. सुट्टी घेतलेल्यांचे पॉइंट त्या प्रमाणात कमी होतात. पाहुणा टिप देतो वेटरच्या तोंडाकडे बघून, पण रस्सा ज्यानं ढवळला आणि ताटं ज्यानं घासली त्यांचाही त्यात वाटा असतो. किचनला किती द्यायचं यावर प्रत्येक रेस्टॉरंटात कधी ना कधी भांडण होतंच. वहीच्या दृष्टीनं गरज एवढीच की वाटपाच्या कागदावर प्रत्येकाची सही असावी आणि कागदावरची बेरीज टिपा देणे खात्यातून गेलेल्या रकमेशी जुळावी.

हे सगळं टिपेचं झालं. सेवा शुल्काची, म्हणजे सर्व्हिस चार्जची गोष्ट वेगळी आहे, जरी बिलावर दोन्ही शेजारी-शेजारी दिसत असली तरी. बिलात 10 टक्के सेवा शुल्क छापूनच आलं तर ते पाहुण्यानं ठरवलेलं नसतं, रेस्टॉरंटनं लावलेलं असतं. 4,000 च्या जेवणावर 400 शुल्क. जीएसटी मग 4,400 वर, म्हणजे 220. पाहुण्याला 4,620 पडतात. हे 400 आधी रेस्टॉरंटचं उत्पन्न म्हणून जमा होतात. नंतर मालकानं त्यातला वाटा कर्मचाऱ्यांना द्यायचं ठरवलं असेल तर 'कर्मचारी सेवा शुल्क वाटा' हा खर्च नावे पडतो आणि तेवढंच देणं उभं राहतं. काही ठिकाणी सगळे 400 वाटले जातात, काही ठिकाणी फुटलेल्या काचसामानासाठी काही भाग आधी बाजूला काढला जातो. इथे मालक निव्वळ निरोप्या नाही. पैसे त्याच्या उत्पन्नातून जातात, म्हणून पगाराचे नियम तपासावे लागतात. मालकानं नेमणूकपत्रातच दरमहा वाट्याची हमी लिहून दिली असेल तर आयटीसीच्या निकालाचा आधार घेणं अवघड. त्या निकालाचा पायाच हा होता की टिपेवर कर्मचाऱ्याचा नोकरीच्या करारातून हक्क येत नाही.

शिवाय असं शुल्क आपोआप लावणंच आता अडचणीचं झालं आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 4 जुलै 2022 रोजी मार्गदर्शक सूचना काढून रेस्टॉरंटांना ते बिलात परस्पर जोडायला मनाई केली. रेस्टॉरंटांच्या संघटना न्यायालयात गेल्या, स्थगितीही मिळाली; पण 28 मार्च 2025 रोजी दिल्ली उच्च न्यायालयानं सूचना कायम ठेवल्या आणि दोन्ही संघटनांना एकेक लाखाचा दंड केला. स्वखुशीच्या टिपेला हात लावलेला नाही. त्यामुळे कार्ड मशीनवर "टिप द्यायची का?" असं विचारणारी रेस्टॉरंटं वाढणार, आणि टिपा देणे खात्यातली उलाढालही.

चुका कुठे होतात? सगळ्यात सामान्य चूक काउंटरवरची. कॅशियर बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये 4,500 ही पूर्ण रक्कम विक्री म्हणून टाकतो. सॉफ्टवेअर त्यातून कर काढतं: विक्री 4,285.71, जीएसटी 214.29. सरकारला 14.29 जास्त गेले आणि विक्री 285.71 नं फुगली. पुढे वाटप केलेले 300 कर्मचारी खर्चात दिसले की करतपासनीस विचारणार, हा पगार असेल तर टीडीएस कुठे? जी टिप पगार नाही असं सर्वोच्च न्यायालय सांगतं, तिला आपल्याच वहीनं पगार करून टाकलेलं असतं. ही चूक पकडायचा उपाय सोपा आहे. रात्री कार्ड मशीनचं बॅच सेटलमेंट केल्यावर त्याची बेरीज आणि बिलिंगच्या अहवालातली कार्डाची बेरीज शेजारी ठेवायची. टिप वेगळी टाकली असेल तर मशीनची बेरीज विक्री आणि करापेक्षा बरोबर टिपेइतकी जास्त येते. फरक शून्य असेल आणि पाहुण्यांनी टिपा दिल्याचं सगळ्यांना माहीत असेल, तर टिपा विक्रीत गेल्या.

दुसरी चूक गल्ल्यातली. वेटरला घरी जायची घाई, म्हणून कॅशियर त्याच रात्री गल्ल्यातून 300 रोख देतो. बँकेत पैसे यायचेत, पण हरकत नाही. फक्त सही घेतलेलं व्हाउचर हवं. ते नसेल तर सकाळी गल्ला 300 नं कमी भरतो आणि तूट कॅशियरच्या पगारातून जाते. एकाची टिप दुसऱ्याच्या खिशातून दिल्यासारखं होतं.

तिसरी गोष्ट चूक नाही, दुर्दैव आहे. पाहुणा महिना-दोन महिन्यांनी बँकेकडे तक्रार करतो आणि बँक पूर्ण 4,500 परत ओढून घेते. टिप केव्हाच वाटून झालेली असते. ते 300 मालकानं खर्चात टाकून विसरणंच शहाणपणाचं; पुढच्या आठवड्याच्या टिपांतून वळते केले तर ज्यांचा त्या टेबलाशी संबंध नव्हता तेही भरडले जातात.

वही नीट चालली आहे का हे महिन्याच्या शेवटी एका आकड्यावरून कळतं: टिपा देणे खात्याची शिल्लक. वाटप दर सोमवारी होत असेल तर शिल्लक फक्त त्यानंतरच्या दिवसांची असावी. 31 मार्चला चार दिवसांचे 9,400 शिल्लक असतील तर ते ताळेबंदात चालू देण्यांमध्ये दाखवायचे. पण आठवड्याला 18,600 जमत असताना शिल्लक 1,40,000 दिसली, तर सात-आठ आठवड्यांच्या टिपा वाटल्याच गेलेल्या नाहीत, आणि बहुधा त्या पैशांतून भाजीवाल्याची किंवा तेलाची बिलं भागली आहेत. खातं उलटं, म्हणजे नावे शिल्लक दाखवत असेल तर वाटप झालं पण जमा नोंद विक्रीत गेली. ती पहिलीच चूक इथे दुसऱ्या दारानं दिसते. जुन्या शिलकेत काही वेळा नोकरी सोडून गावी गेलेल्या मुलाचा वाटा असतो. तो उत्पन्नात ओढू नये. त्याच्या नावानं वेगळा ठेवावा आणि यूपीआयनं पाठवून द्यावा. फोन नंबर बहुतेक वेळा किचनमधल्या कुणाकडे तरी असतोच.

पाहुण्याला ही वही दिसत नाही, पण बिल दिसतं. जीएसटी फक्त जेवणाच्या रकमेवर आहे ना, एवढं बघायला दहा सेकंद पुरतात. न विचारता सेवा शुल्क जोडलं असेल तर काढायला सांगता येतं, आणि ऐकलं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. आणि कार्डावरची टिप तुम्हाला कधी मिळते, हे वेटरला सरळ विचारायलाही हरकत नाही. ज्या रेस्टॉरंटात ते खातं दर आठवड्याला रिकामं होतं, तिथला वेटर वार सांगतो.